५१० की ६६०? पॉवरलिफ्टिंगमधल्या जीएल पॉइंट्सवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

"दादा, एवढं किचकट सूत्र कशाला? अंगाच्या वजनाच्या किती पट उचललं ते बघा, झालं. ६५.५ किलोच्या पोराने तिन्ही लिफ्ट मिळून ५१० टोटल मारली आणि बेस्ट लिफ्टर कोण तर १०४ किलोवाला, ६६० वर. हे गणितच जाड्यांच्या बाजूचं आहे."

मित्रा, पटीनं मोजलं तर १०४ वाल्याला बरोबरी करायलाच ८१० मारावे लागतील. ५१० ही चांगली टोटल आहे, पण ८१० फार वरच्या पातळीची, आणि इथे पुण्यात कुठल्याही तालमीत दोघांना शेजारी उभं करून विचार, कोणी त्यांना सारखं म्हणणार नाही. कारण ताकद स्नायूच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदावर जाते आणि वजन जातं घनफळावर. माणूस सगळीकडून दुप्पट केला तर छेद चौपट होतो पण वजन आठपट, त्यामुळे पट कायम हलक्यालाच धार्जिणी.

आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघ म्हणजे आयपीएफ २०२० पासून वजनगट वेगळे असलेल्यांची तुलना करायला जे जीएल पॉइंट्स वापरते, त्याचं पुरुषांचं क्लासिकचं, म्हणजे सपोर्ट सूट न घालता उचलण्याचं, सूत्र हे, bw म्हणजे अंगाचं वजन किलोत:

```
GL = 100 × total / (1199.72839 − 1025.18162 × e^(−0.00921 × bw))
```

ह्यात छोट्याचे ७९.८२ येतात, मोठ्याचे ८१.८५. हे आकडे भूमितीतून आलेले नाहीत, खऱ्या स्पर्धांच्या निकालांवर बसवलेली रेषा आहे ती. म्हणजे सूत्र 'कोण जास्त ताकदवान' हे सांगतच नाही, त्या वजनाची माणसं जे उचलतात त्याच्या तुलनेत तू कुठे आहेस एवढंच सांगतं.

आणि खरी तक्रार करायची तर इथे कर. सूत्राला काट्यावरचा आकडा सोडून काहीच दिसत नाही. ८२ किलोचा एक जण १६५ सेंमीचा, दुसरा १८२ चा, उंच पोराच्या अंगावर अजून मांस भरायचंय, बारही त्याला जास्त लांब न्यावा लागतो, पण गुणांक दोघांना तोच.

त्याहून मला खटकतं ते पाणी तोडणं. मी स्वतः ७६ चा ७४ झालोय, आदल्या दिवशी पाणी बंद, सकाळी थुंकत बसलो होतो. ५५० टोटलवर हिशोब केला तर ७६ ला ७९.६४ आणि ७४ ला ८०.७५, म्हणजे दोन किलो पाण्याने साडेसात किलो टोटलचा फायदा दिला, ताकद तीच. आयपीएफमध्ये वजन दोन तास आधी सुरू होतं म्हणून भरून काढायला वेळ कमी मिळतो आणि बारखाली ते जाणवतं, पण जिथे आदल्या दिवशीच वजन घेतात तिथे पोरं चार-पाच किलो परत चढवून येतात आणि पॉइंट्स मात्र सुकलेल्या वजनावर.

तुझ्या पोराचं म्हणशील तर ५२२.५ वरही तो ०.०७ ने हुकला असता. ५२५ मारले असते तर मात्र ८२.१७, आणि बेस्ट लिफ्टर तोच.