धने धरून नऊ

कोल्हापुरातल्या एका मिसळीच्या गाडीची रील. आवाज माझा, कॅप्शन माझं, मोबदला एक मिसळ. असल्या व्यवहाराला मी ‘हो’ का म्हणतो, ते सोडा.

रील 30 सेकंदांची. धापा न टाकता बोललं तर त्यात 70 शब्द मावतात. म्हणून ठरवलं होतं की फोडणीवर आपण गप्प बसायचं, तिथं तेलच बोलेल. मोड आलेली मटकी, हळद-मीठ घालून ती बोटचेपी शिजवणं, सगळं नीट टिपलं. आता फोडणी. ती सकाळी एकदाच होते, पुन्हा कर म्हणायची सोय नाही.

आणि तिथं तात्या होते.

तात्या रोज पहिल्या प्लेटसाठी येतात आणि तिसऱ्या माणसापर्यंत गाडीवरच टेकून असतात. मामांनी तेल तापवलं, चटणी करपू नये म्हणून आच उतरवली, मूठ उचलली. तात्यांनी तोंड थेट माझ्या मोबाइलला लावलं.

“बहात्तर मसाले हायत म्हणून सांगा की.”

“बहात्तर कुठलं ओ तात्या,” मामा.

“मग किती?”

मामा प्रामाणिक माणूस. चटणी सोडता सोडता मोजायला लागले. तीळ, सुकं खोबरं, लवंग... त्या सुंदर ‘चर्र’वर आता “धने धरून नऊ” असं रेकॉर्ड झालंय.

“नऊ? मग ल्हायचंच न्हाई,” तात्या म्हणाले. “गुपित म्हणा. गुपित न्हाई तर कोण बघतंय?”

गुपित नव्हतंच असं नाही. मी लिहून आणलं होतं: वाटण कडेनं तेल सुटेपर्यंत परता, मग पाणी उकळतंच ओता आणि मंद आचेवर सोडा. घाईत गार पाणी ओतलं की परतलेला मसाला थंड पडतो, तर्री वर यायला रडते आणि गिऱ्हाईक लाल पाण्यात ब्रेड बुडवून मामांकडे बघत बसतं.

“ह्यात कसलं गुपित? आमची मंडळीबी गरमच पाणी घालती.”

घालत असतील. पण त्यांची रील मला करायची नव्हती! आणि हल्ली ‘सीक्रेट’ म्हटल्याशिवाय चहासुद्धा उकळत नाही, त्याचं काय करायचं?

कॅप्शनमध्ये पहिली ओळ तेवढी न दाबता दिसते, म्हणून तिथं कामाचं लिहिलं: ‘सकाळी 7 ते 10. कट संपला की गाडी बंद.’ मामांच्या भाच्यानं ती उडवून ‘72 मसाल्यांचं सीक्रेट’ घातलं, खाली हॅशटॅगांची रांग आणि शेवटी ‘लेखन’ म्हणून माझं नाव. ते मात्र नीट ठेवलं.

आता लोक बाराला येतात, रिकाम्या जागेचा फोटो काढतात आणि शिव्या मला देतात. काल मी स्वतः वेळेत गेलो. मामांनी मिसळ दिली, कट दोनदा वाढला आणि जादा ब्रेडचे पैसे मागितले.

तात्या म्हणाले, “घ्या की, रीलवाले हायत.”