‘दोन मिनिटांचं काम’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया:

“सर, लेख वाचला. एका जिमचं सबस्क्रिप्शन बंद करायला दोन पत्रं, पोच, वर लेखी खात्री? ॲपमध्ये जाऊन ऑटोपे रद्द करायचं, दोन मिनिटांचं काम आहे. तेही नको असेल तर त्या खात्यात पैसेच ठेवू नका, दोन-तीनदा परत गेलं की आपोआप बंद पडतं. लेखी खात्री द्यावी असा नियम तरी कुठे आहे? तुमच्या पिढीला प्रत्येक गोष्टीचा कागद लागतो. आणि पत्र पानभर आहे, एवढं कोण लिहिणार?”

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, वर जशीच्या तशी ठेवली आहे. मतभेदाचं मला वावडं नाही. पण ‘तुमच्या पिढीला’ हे शब्द लागले आणि ते लागले हे लपवण्यात काही अर्थ नाही. ज्याच्या लेखावर बोलतो आहोत त्याचं वय काढण्याची इथे काय गरज होती?

आता काढलंच आहे तर सांगतो. माझ्या नोकरीचा मोठा काळ बँकेच्या क्लिअरिंग विभागात गेला. खात्यातून ठरलेले हप्ते आपोआप वळते करण्याच्या ईसीएस पद्धतीचे कागदी फॉर्म होते तेव्हापासून ते तिच्या जागी नॅच येऊन स्थिरावेपर्यंत हे काम मी हाताने केलं आहे. काउंटरवर येणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, “मी ते बंद केलं होतं.” कधी? “दोनेक महिने झाले असतील.” कोणाला सांगितलंत? “फोनवर एक मुलगी होती.” समोरचा माणूस खरं बोलतोय हे मला दिसायचं. पण त्याच्याकडे तारखेचा एकही पुरावा नसायचा आणि आमच्या संगणकावर मॅन्डेट, म्हणजे खात्यातून पैसे कापू देण्याची त्याची परवानगी, चालू दिसायचं. मॅन्डेट चालू असेल आणि वसुली आली तर बँक पैसे देणारच. या लोकांत पेन्शनर होते, तशी नुकती नोकरीला लागलेली मुलंही होती. कागद लागणं हा वयाचा प्रश्न नाही.

आता तुमच्या बटणाकडे येतो, कारण तुमच्या साऱ्या म्हणण्याचा डोलारा त्यावरच उभा आहे. कोणतं ॲप? जिमचं, यूपीआयचं की बँकेचं? तुम्ही ते लिहिलेलं नाही आणि सगळी गफलत तिथेच होते. जिमच्या ॲपमधलं ‘सदस्यत्व रद्द करा’ हे बटण जिमच्या नोंदवहीत बदल करतं. तुमच्या बँकेने पैसे देण्याची जी परवानगी नोंदवून ठेवली आहे, तिच्यापर्यंत ते पोचेलच असं नाही. यूपीआय ॲपच्या ऑटोपे विभागातून मॅन्डेट रद्द केलंत तर परवानगी जाते, पण जिमच्या लेखी तुमचा करार चालूच राहतो. एक दार बंद केलं म्हणून दुसरं आपोआप बंद होत नाही. दोन्ही बाजूंना वेगवेगळं कळवा, एवढंच मी लेखात लिहिलं होतं.

तुमचं बटण फक्त यूपीआयवाल्यांच्या कामाचं आहे, हेही तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. कार्डावरचं ई-मॅन्डेट कार्ड देणाऱ्या बँकेकडे असतं, ते तिथे जाऊन ओटीपी टाकून रद्द करावं लागतं. कार्ड आणि यूपीआयसाठी रिझर्व्ह बँकेने घालून दिलेल्या चौकटीत पैसे कापण्याआधी किमान 24 तास सूचना यावी लागते. ती वाचली तर माणूस वेळेत सावध होतो. पण जिम, कोचिंग क्लास, हप्त्यावरच्या वस्तू, इथे पुष्कळदा ई-नॅच असतं. नेटबँकिंग किंवा डेबिट कार्ड वापरून एकदा संमती दिली की ते थेट खात्यावर बसतं. यूपीआयच्या ऑटोपे यादीत ते दिसत नाही. तिथे शोधून ‘काहीच नाही’ म्हणत निश्चिंत झालेले लोक मी पाहिले आहेत. खातेउतारा उघडा आणि त्या नोंदीच्या सुरुवातीला `ACH` किंवा `NACH` आहे का बघा. असेल तर तुमचं दोन मिनिटांचं काम तिथे लागू नाही.

पैसेच न ठेवण्याचा तुमचा सल्ला मात्र मी नुसता सोडून देऊ शकत नाही, कारण तो आमच्या घरात कुणीतरी ऐकला होता. माझ्या वहिनीने जिमच्या ॲपमधून सदस्यत्व बंद केलं. महिना 1,499 रुपये जायचे. मॅन्डेट ई-नॅच होतं, ते तसंच राहिलं. ओळखीच्या एकाने तुमच्यासारखंच सांगितलं, म्हणून तिने खात्यातली शिल्लक दुसरीकडे वळवली. जिमने वसुली पाठवली, ती अपुऱ्या शिलकीमुळे परत गेली. काही दिवसांनी तीच पुन्हा पाठवली, पुन्हा परत. बँकेने प्रत्येक परतीचे 500 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 590 लावले. दोन वेळचे 1,180. जिमला दमडी मिळाली नाही आणि वहिनीचे जवळपास महिन्याच्या फीएवढे पैसे गेले. त्यानंतर थकबाकीसाठी फोन सुरू झाले ते वेगळेच. खात्यात नंतर पैसे जमा झाले तेव्हा बँकेने आपलं शुल्क आधी वळतं करून घेतलं.

आपोआप काही बंद पडलं नाही. शिवाय पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स ॲक्ट, 2007 याच्या कलम 25 नुसार, देणं कायदेशीर असेल आणि शिल्लक नाही म्हणून अशी वसुली परत गेली, तर तो चेक न वटण्यासारखाच गुन्हा ठरू शकतो. जिमच्या फीसाठी कोणी कोर्टात जाईलच असं मी म्हणत नाही. पण लोकांना खातं रिकामं ठेवायला सांगताना हे माहीत असायला हवं. मी लोकांना घाबरवलेलं नाही. तुम्ही त्यांना निष्काळजी व्हायला सांगितलं आहे.

एक गोष्ट तुमची बरोबर आहे. लेखातलं पत्र लांब होतं आणि शाखेत उभं राहून तेवढं कोणी लिहिणार नाही. छोटा मसुदा देतो. हा जिमच्या नोंदणीकृत ईमेलवर पाठवा, त्याच ईमेलची प्रत स्वतःलाही ठेवा:

“माझं सदस्यत्व क्रमांक अमुक मी अमुक तारखेपासून संपवत आहे. या सदस्यत्वासाठी दिलेलं मॅन्डेट, यूएमआरएन अमुक, मी मागे घेत आहे. या तारखेनंतर त्यावर कोणतीही रक्कम वसुलीसाठी पाठवू नये. सदस्यत्व संपल्याची तारीख, मॅन्डेट रद्द केल्याची नोंद आणि माझ्याकडून काहीही येणं बाकी नसल्याचं कृपया सात कामकाजाच्या दिवसांत लेखी कळवावं.”

यूएमआरएन हा मॅन्डेटचा वीस खुणांचा क्रमांक, नेटबँकिंगमधल्या मॅन्डेटच्या यादीत मिळतो. त्याची सुरुवातीची चार अक्षरं तुमच्या बँकेची असतात, त्यावरून बरोबर क्रमांक उचलला का ते कळतं. तो घातला नाही तर ‘कोणतं मॅन्डेट?’ या प्रश्नात आठवडा जातो. यूपीआय असेल तर त्याच्या जागी यूएमएन, म्हणजे यूपीआय मॅन्डेटचा क्रमांक, घाला.

उत्तर आलं म्हणून लगेच हुश्श करू नका. वहिनीला पहिलं उत्तर आलं ते असं: “तुमची विनंती आमच्याकडे नोंदवली आहे.” ही खात्री नव्हे. विनंती मिळाली, एवढंच त्यातून कळतं. ती मान्य केली का, कोणत्या तारखेपासून, हे त्यात नाही. तिने त्याच ईमेलला उत्तर देऊन पुन्हा विचारलं, तेव्हा दुसऱ्या खेपेला मॅन्डेटचा क्रमांक, तारीख आणि ‘बाकी रक्कम शून्य’ हे तिन्ही एकत्र आलं. शून्य बाकीचं वाक्य लोक मागत नाहीत आणि सहा महिन्यांनी थकबाकीचा फोन येतो तो त्याच फटीतून.

दुसरा अर्ज बँकेला. काही बँकांत ई-नॅच नेटबँकिंगमधून रद्द करता येतं, काहींत शाखेत अर्ज द्यावा लागतो. शाखेत गेलात तर अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. ‘स्टॉप पेमेंट’ असं लिहू नका. त्याने एखादा हप्ता थांबतो, मॅन्डेट जिवंत राहतं. ‘मॅन्डेट कायमचं रद्द करावं’ असं स्पष्ट लिहा आणि पुढचा हप्ता काही कामकाजाच्या दिवसांवर असतानाच द्या, कारण वसुलीच्या फाइली आदल्या दिवसापर्यंत तयार झालेल्या असतात. काही दिवसांनी यादीत त्या क्रमांकासमोर ‘रद्द’ दिसतं का, ते स्वतः पाहा.

नियम कुठे आहे, असं तुम्ही विचारलंत. नियमात नसेल तर मागू नये, असा नियम आहे का? सदस्यत्व सोडणं मुद्दाम अवघड करणं याला केंद्राच्या 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ म्हणून डार्क पॅटर्नच्या, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांच्या, यादीत धरलं आहे. ईमेलला उत्तरच आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना तुमचा तारीखवार ईमेलच कामी येतो. बँकेने रद्द केलेल्या मॅन्डेटवर पैसे दिले तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, 30 दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर. तिथे तुम्हाला बँकेकडे केलेल्या तक्रारीचा तपशील द्यावा लागतो. दोन मिनिटांत दाबलेल्या बटणाचा स्क्रीनशॉट तुम्ही घेतला होता का?

बाकीच्या टोमण्यांना उत्तर देत नाही. तुमच्या जिमचे पैसे यूपीआयने जातात, कार्डाने की नॅचने, ते खातेउतारा पाहून कळवा. नॅच निघालं तर बँकेचं नाव सांगू नका, फक्त नेटबँकिंगमध्ये मॅन्डेटची यादी दिसते का ते सांगा. पुढचं मी लिहून देईन.