बारा गुण आणि दहावा प्रश्न

मिडवायफरीच्या कोर्ससाठी निबंध लिहायचा होता: प्रसूतीनंतरच्या नैराश्याची तपासणी आणि बाळंतिणीचं समुपदेशन. त्यात स्वतः पाहिलेली एक केस हवी होती. मी सकाळी ओपीडीत एका बाईंकडून फॉर्म भरून घेतला आणि दुपारी मसुदा मॅडमच्या पुढ्यात ठेवला. केसची शेवटची ओळ होती, "मातेचा स्कोअर १२ आला. तो १३ पेक्षा कमी असल्याने दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी करण्याचे ठरले."

मॅडमनी फॉर्म उलटून पाहिला आणि विचारलं, "दहाव्या प्रश्नाचं काय?"

मी गप्प.

"ती गेली का घरी?"

"नाही मॅडम, बाळाच्या लसीसाठी बसली आहे."

"मग इथे काय करतेस? ऊठ."

निबंध आता देऊन झाला आहे. त्या बाईंना विचारून, त्यांची ओळख पटेल असं सगळं बदलून, निबंधात न मावलेलं इथे लिहिते आहे. पोस्ट लांब आहे.

आम्ही वापरतो तो फॉर्म म्हणजे एडिनबरा स्केल. कॉक्स, होल्डन आणि सॅगोव्हस्की या तिघांनी तो १९८७ साली प्रसिद्ध केला. गेल्या सात दिवसांबद्दलचे दहा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, जास्तीत जास्त ३०. मला त्यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट वाटते ती त्यात नसलेली. थकवा येतो का, भूक लागते का, असले प्रश्न त्यात नाहीत. सहा आठवड्यांच्या बाळाची कुठली आई थकलेली नसते? झोपेचा एक प्रश्न आहे, पण तोही 'मन इतकं उदास असतं की झोप लागत नाही' असा. तोंडी बोलताना मी तो वेगळा विचारते: "बाळ झोपल्यावर तरी तुम्हाला झोप लागते का?" बाळ उठवतं म्हणून जागणं निराळं आणि बाळ गाढ झोपलेलं असताना छताकडे बघत पडून राहणं निराळं.

आता त्या सकाळबद्दल. बाळंतपणाला सहा आठवडे झाले होते. पहिल्या तीनचार दिवसांत येणारं रडू, ज्याला आम्ही बेबी ब्लूज म्हणतो, ते साधारण दोन आठवड्यांत ओसरतं, म्हणजे ती वेळ टळून गेली होती. सासूबाई शेजारी बसलेल्या. मी प्रश्न मोठ्याने वाचत गेले आणि त्या बाई उत्तरं देत गेल्या. स्कोअर आला ५. उत्तम! पण प्रत्येक उत्तराआधी त्यांची नजर क्षणभर सासूबाईंकडे जात होती. सासूबाई वाईट नव्हत्या हो, उलट फार मायेच्या. पण ज्या माणसाने दीड महिना आपल्यासाठी रात्री जागवल्या, त्याच्यासमोर 'मला कशातच आनंद वाटत नाही' असं कोण म्हणेल?

मी सासूबाईंना म्हटलं, "आजी, बाळाचं वजन करून आणता का?" त्या गेल्यावर कोरा फॉर्म आणि पेन्सिल बाईंच्या हातात दिली आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभी राहिले. हा फॉर्म आईने एकटीने, कुणाशी चर्चा न करता भरायचा असतो. वाचता येत नसेल तरच आपण वाचून दाखवायचा. मी मात्र निव्वळ वेळ वाचवायला वाचला होता.

या वेळी आले १२. एका तासात, त्याच बाईचे, ५ चे १२. मी इतकी खूश झाले की बेरीज करून थांबले. १० ते १२ आले तर दोन आठवड्यांनी पुन्हा पाहायचं आणि १३ किंवा जास्त आले तर पुढे पाठवायचं, हे मला पाठ होतं. (काही ठिकाणी १० किंवा ११ वरच पुढे पाठवतात. ती रेषा काही दगडावर कोरलेली नाही.)

बेरीज अशी होती. हसू येणं १, पुढच्या गोष्टींची ओढ १, स्वतःला विनाकारण दोष देणं २, कारण नसताना काळजी २, घाबरं होणं १, सगळं अंगावर येणं २, झोप १, उदासी १, रडू ०. दहावा प्रश्न, स्वतःला इजा करण्याचा विचार मनात आला का. त्यांनी 'क्वचितच' याखाली रेघ ओढली होती. त्याचा १. बारांतला तो एक गुण बाकीच्या अकरांसारखा नसतो. बेरीज काहीही येवो, दहाव्याला शून्याशिवाय काहीही असेल तर त्याच दिवशी, आई दारातून बाहेर पडायच्या आत बोलायचं. हेही मी वाचलं होतंच. बेरजेच्या नादात विसरले.

इथेच आणखी एक चूक हमखास होते, म्हणून सांगते. पहिला, दुसरा आणि चौथा प्रश्न वरून खाली ०, १, २, ३ असे मोजायचे. बाकी सातांचे गुण उलटे, म्हणजे वरचा पर्याय ३ आणि शेवटचा ०. आमच्या बॅचमधल्या एकीने सगळेच सरळ मोजले होते. त्या हिशोबाने 'कधीच नाही' म्हणणारीला दहाव्यात ३ मिळतात आणि 'अनेकदा' म्हणणारीला शून्य.

तर मी धावत गेले. काय विचारायचं ते मॅडमनी जिन्यावरच सांगितलं: सरळ विचार, आडून नको. विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, आधी असलेला फक्त बाहेर येतो.

मी म्हटलं, "ताई, तुम्ही दहाव्या प्रश्नाला क्वचितच म्हणालात. तो विचार येतो तेव्हा नेमकं काय वाटतं?"

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मरावं असं नाही हो सिस्टर. मी नसते तर या सगळ्यांचं बरं झालं असतं, एवढंच."

पुढचे प्रश्न मी एकेक करून विचारले. हा विचार किती वेळा येतो? काही करायचं ठरवलं होतं का, तयारी केली होती का? पूर्वी कधी असं काही घडलं होतं का? विचार आला की कशामुळे थांबता? आणि सगळ्यांत अवघड, बाळाबद्दल असं काही मनात येतं का?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐकावं लागतं. त्या रडत म्हणाल्या की बाळाला अंघोळ घालताना 'हातातून निसटलं तर' असं चित्र डोळ्यांपुढे येतं, म्हणून आता अंघोळ सासूबाईच घालतात. अशी नको असलेली चित्रं पुष्कळ आयांना दिसतात. त्या चित्राने आई हादरते आणि त्यापासून पळते. बाळात काही दुष्ट शिरलं आहे अशी तिची खात्री असेल, कुणी तिला आज्ञा देत असेल, ती रात्र रात्र न झोपता भलतीच उत्साहात असेल, तर मामला संपूर्ण वेगळा. ती प्रसूतीनंतरची सायकोसिस. हजारात एकदोघींना होते, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच, आणि तिथे समुपदेशन करत बसायचं नाही, तातडीने दवाखान्यात भरती करायचं. आमच्या बाईंच्या बोलण्यात तसं काही नव्हतं. ठरवलेलं काही नाही, तयारी नाही, आधीचा इतिहास नाही. तरी डॉक्टरांनी त्यांना त्याच दिवशी पाहिलं. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडच्या तपासण्या लिहिल्या, कारण बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडलं तर तेही असंच दिसतं. पूर्वी कधी अतिउत्साहाचे दिवस येऊन गेले का, हेही विचारलं. बायपोलर असलेल्या बाईला नुसती नैराश्याची गोळी दिली तर उन्माद उसळू शकतो. मन फार भरून आलं तर आधी कुणाला सांगायचं आणि रात्री कुठे फोन करायचा, हे त्यांनी कागदावर स्वतः लिहून नेलं. नवऱ्याला काय सांगायचं, तेही त्यांनाच ठरवायला दिलं.

मग सुरू झाल्या भेटी. याच स्केलच्या जनकांनी १९८९ साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला होता. हेल्थ व्हिजिटर, म्हणजे घरी जाणाऱ्या परिचारिका, थोडं प्रशिक्षण घेऊन आठवड्यातून एकदा, किमान अर्धा तास, असे आठ आठवडे नुसतं ऐकत. ऐकून घेतलेल्या २६ पैकी १८ जणी बऱ्या झाल्या आणि नेहमीचीच सेवा मिळालेल्या २४ पैकी ९. संख्या लहान आहे, पण माझ्यासारखीला यात आशा वाटते, कारण ऐकणाऱ्या कुणी मानसोपचारतज्ज्ञ नव्हत्या.

ऐकणं मात्र मला जमत नव्हतं. पहिल्या भेटीत बाई म्हणाल्या, "दूध पुरत नाही, मला काहीच धड येत नाही," आणि मी लगेच बाळाला धरण्याच्या पद्धती सांगायला लागले. त्या "बरं सिस्टर" म्हणाल्या आणि विषय संपला. तसंच ते 'बाळ किती गोड आहे, तुम्हाला कशाची कमी?' हेही. या वाक्याने आई एका क्षणात गप्प होते, वर आपण कृतघ्न आहोत असंही तिला वाटू लागतं. दुसऱ्या भेटीत मी फक्त म्हटलं, "काहीच धड येत नाही असं कधी जास्त वाटतं?" आणि थांबले. घड्याळाचा आवाज ऐकू येईल इतका वेळ. मग बाळंतपणाची हकीकत आली: लांबलेल्या कळा, ऐन वेळी ठरलेलं सिझेरियन, आणि त्या गडबडीत कुणीतरी सहज टाकलेलं वाक्य, "हिला ढकलताच येत नाही." दीड महिना ते वाक्य त्यांच्यासोबत घरात राहत होतं. कामावर असताना आपण काय काय बोलून जातो, याचा मी त्या रात्री बराच विचार केला.

दोन आठवड्यांनी पुन्हा फॉर्म भरला. स्कोअर १५! मी घाबरले. मॅडम म्हणाल्या, "दोन शक्यता आहेत. आजार वाढला, नाहीतर बाई तुझ्याशी खरं बोलायला लागली." कसं ओळखायचं? दिवस कसा जातो ते पाहायचं. त्यांची झोप अजून कमी झाली होती आणि जेवण सुटलं होतं. दहावा १ वरच होता, रडू मात्र ० वरून २ वर. म्हणजे दोन्ही थोडं थोडं. आपलं ऐकणं पुरत नाही हे कबूल करायची हीच वेळ असते. मला मात्र ते स्वतःचं अपयश वाटलं, आणि हा माझा मूर्खपणा. मानसोपचारतज्ज्ञांनी सर्ट्रालिन सुरू केलं. ते आईच्या दुधात फार कमी प्रमाणात उतरतं, त्यामुळे पाजणं थांबवावं लागलं नाही. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. ते दिवस कसे काढायचे, हाच आमच्या पुढच्या भेटींचा विषय झाला. नवऱ्याने रात्री दहा ते दोन बाळ सांभाळायचं, त्या वेळेचं दूध आधी काढून ठेवायचं, आणि बाईंनी दुसऱ्या खोलीत झोपायचं. सलग चार तास. सल्ला म्हणाल तर एवढाच, आणि तोही त्यांनी स्वतः 'मला फक्त झोपायचंय' म्हटल्यावर.

आठव्या भेटीत स्कोअर ७ होता, दहावा ०. बाळाची अंघोळ चालू होती. आधी सासूबाई बादलीशी उभ्या होत्या, मग बाई म्हणाल्या, "आई, तुम्ही बसा," आणि बाळाला स्वतः मांडीवर घेतलं. मी दारातच थांबले. पुढचा फॉर्म सहाव्या महिन्यात भरायचा आहे, कारण पहिल्या वर्षात हे पुन्हा उलटू शकतं.