फाइंड-रिप्लेसने नोट्स होत नाहीत

"लेक्चर मिक्स भाषेत होतं तर एवढा कुटाणा कशाला? रेकॉर्डिंग उतरवून घ्या, फाइंड-रिप्लेसने इंग्रजी शब्दांच्या जागी मराठी शब्द घाला, वाक्यं आहेत तशीच ठेवा. दहा मिनिटांत नोट्स तयार!" असा सल्ला देणारे भेटतात. पण ते तसं होत नाही.

बारावीच्या अर्थशास्त्रातला मागणीचा तास घ्या. सर सांगतात, "आंब्याची प्राइस आठशेवरून सहाशे झाली, घरची डिमांड दोन डझनांवरून तीन झाली. आता प्राइस आठशेच, पण इन्कम वाढला, तरी डिमांड तीन डझन. पहिली मूव्हमेंट, दुसरा शिफ्ट." डिमांडच्या जागी मागणी घातली की दोन्हीकडे "मागणी वाढली" एवढंच उरतं. पाठ्यपुस्तकात मात्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किमतीमुळे वाढली तो मागणीचा विस्तार. त्यात आपण त्याच वक्रावर खाली येतो. किंमत तीच असताना उत्पन्नामुळे वाढली ती मागणीतील वृद्धी. तिथे अख्खा वक्र उजवीकडे सरकतो. परीक्षेत नेमका हाच फरक विचारतात. सरांच्या तोंडी "डिमांड" एकच होतं, फरक शेवटच्या वाक्यात होता. म्हणून शब्दाला हात लावण्याआधी कारण शोधायचं: किंमत बदलली की दुसरं काही?

तसाच घोटाळा "रेट"चा. बाजारात रेट पडला म्हणजे किंमत, बँकेने रेट वाढवला म्हणजे व्याजदर. सरसकट "दर" घातला तर वाचणारा अडखळतो. मी वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक संकल्पनेला एकच शब्द लिहून ठेवते आणि पुढे तो बदलत नाही. सूत्रातली अक्षरं मात्र आहेत तशी ठेवते. "रेपो दर"मधला रेपोही तसाच. त्याला ओढूनताणून मराठी करण्यात काही हशील नाही.

वाक्यं तशीच ठेवली तर व्याकरण लगेच चुगली करतं. "इन्कम वाढला"चं "उत्पन्न वाढला" होतं, "रेट पडला"चं "किंमत पडला". ही चूक निदान दिसते तरी. "इथून इथे आलो, म्हणून तो असा सरकला" यात मात्र व्याकरण ठीक आहे, पण फळ्यावर ठेवलेलं बोट रेकॉर्डिंगमध्ये आलेलंच नाही. तिथे "८०० रुपये किमतीला मागणी २ डझनांवरून ३ डझनांवर गेली, मागणी वक्र उजवीकडे सरकला" असं नव्यानेच लिहावं लागतं.

राहिली दहा मिनिटं. पाऊण तासाच्या लेक्चरला मला दीड तास लागतो, त्यातला बराचसा अशा "इथे-तिथे"त जातो. झाल्यावर त्या तासाला नसलेल्या मैत्रिणीला नोट्स देते आणि म्हणते, एवढ्यावरून आकृती काढ. आंब्याच्या दुसऱ्या उदाहरणाला तिने एकच वक्र काढला, तर तो परिच्छेद परत लिहायला बसते.