खरेदीखत झालं म्हणून शेत गेलं नाही

"अडीनडीला सावकारच धावून येतो. त्याच्यावर तक्रार करणं म्हणजे खाल्ल्या मिठाला न जागणं. आणि खरेदीखत करून दिलंच आहे, तर शेत गेलं समजून गप्प बसावं." (आखाजीच्या आधी आमच्या भागात फिरलेला मेसेज)

माझ्या कीर्तनाला येणाऱ्या माय-बापांनीच हा पुढे पाठवला, म्हणून लिहितो.

धावून येतो, हे खरंच. सोसायटीचं थकलेलं असतं, कपाशीला खत हवं असतं, तेव्हा रात्री नोटा मोजून देणारा तोच. पण हिशेब मांडा. एक लाख, शेकडा तीन, म्हणजे महिन्याला तीन हजार. चार वर्षांत 1 लाख 44 हजार भरले आणि मुद्दल जागच्या जागी. परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला 9 टक्के, विनातारण 12 टक्केच घेता येतात. 9 टक्क्यांनी हे व्याज 36 हजार होतं. शिवाय दामदुपटीचा नियम आहे: व्याज मुद्दलाच्या वर वसूल करता येत नाही. कोणाचं मीठ कोणी खाल्लं?

तुकोबांच्या घरी महाजनकी होती. कर्जखतांतला भावाचा वाटा भावाला देऊन त्यांनी आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडले, असं परंपरा सांगते. ऋण मोठं की माणूस, हे त्यांनी तिथेच ठरवलं.

आता खरेदीखत, कारण घर मोडतं ते इथे. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायद्यानुसार, सावकारीतून गेलेली जमीन परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. व्यवहार अर्जाच्या आधीच्या पंधरा वर्षांतला हवा. चौकशीत खरी विक्री नव्हती, कर्जाची हमी होती, असं ठरलं तर खरेदीखत रद्द होऊन जमीन परत देण्याचा आदेश होतो. अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधकाकडेही देता येतो. समोरच्याचा परवाना आहे का, तेही तिथेच विचारा.

पण नुसतं 'कर्ज होतं' म्हणून चालत नाही. शेत आजही तुम्हीच कसता का, खरेदीखतातली किंमत बाजारभावापेक्षा फार कमी का, पैसे दिल्याची नोंद कुठे आहे, हे दाखवावं लागतं. वेळ लागतो, समोरचा अपीलही करतो. बँक किंवा पतसंस्थेच्या कर्जाला हा मार्ग नाही.

एकदा कीर्तन संपल्यावर एक माय थांबली. पदरात बांधलेली पोराची शाळेची वही सोडून दाखवली. पान-पान भरून तारखा, तीन हजार, तीन हजार, आणि काही ओळींसमोर घेणाऱ्याची सही. तिला वाटत होतं, ही लाजेची वही आहे. मी म्हटलं, माय, ही जपून ठेव, झेरॉक्स काढ, अर्जाला पहिली हीच जोड.