द्वारकेला उभं राहा, गाडी येईलच

नाशिकहून रात्री इंदूरला निघायचं ठरलंच असेल, तर सर्वात आधी एसटीचा विचार डोक्यातून काढून टाका. एसटीत काही मजाच नाही. ठक्कर बाजारला जायचं, फलाटावर गावाचं नाव वाचायचं आणि त्याच्यासमोर लागलेल्या गाडीत बसायचं, याला काय प्रवास म्हणतात? खाजगी स्लीपर कोचचं तसं नाही. तिथे प्रवासाचा निम्मा भाग गाडी यायच्या आतच उरकतो आणि त्याचे वेगळे पैसेही पडत नाहीत.

अ‍ॅपवर तिकीट काढताना बर्थ मात्र अगदी बारकाईने निवडा. खालचा की वरचा, सिंगल की डबल, चाकावरचा तर नाही ना, यावर घरात चर्चा घडवून आणा. त्यानंतर 'बोर्डिंग पॉइंट' विचारलं जाईल. तिथे अजिबात वेळ घालवू नका. 'द्वारका' दिसलं की ठोका बोट. आपण जन्माचे नाशिककर, द्वारका काय आपल्याला माहीत नाही?

त्या यादीत बाकीचे थांबे आणि त्यांच्या वेळा दिलेल्या असतात, त्या चुकूनही वाचू नका. वाचल्या तर गाडी कुठून येणार हे घरबसल्या कळेल आणि सगळा रहस्यभंग होईल. आता बघा, यादीत पाथर्डी फाटा साडेदहा, मुंबई नाका दहा चाळीस, द्वारका दहा पन्नास असं असेल तर गाडी मुंबईहून येतेय, हे शाळकरी पोरगंही सांगेल. आधी सिन्नर, मग नाशिकरोडचं बिटको आणि मग द्वारका असेल तर ती पुण्याहून येतेय. दोन्ही गाड्या इंदूरच्याच, दोन्ही द्वारकेच्याच. पण एक हायवेने सरळ येणार आणि दुसरी पुणे रोडने येऊन द्वारकेला उजवीकडे वळणार. ती वळण्याआधी थांबते की वळून झाल्यावर, हा ज्या त्या ड्रायव्हरच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. एवढं सगळं आधीच माहीत करून घेतलंत, तर रात्री अकरा वाजता बॅगा घेऊन रस्ता ओलांडायचा व्यायाम बुडेल.

(यादीत 'महामार्ग' असा थांबा दिसला तर तो आवर्जून घ्या. मुंबई नाक्याजवळच्या बसस्थानकाचंही नाव महामार्ग आणि ज्या रस्त्यावरून गाडी धावते तोही महामार्गच. त्यातला कुठला, हे विचारणं असभ्यपणाचं समजलं जातं.)

आता प्रत्यक्ष द्वारका. कृष्णाची द्वारका समुद्राखाली गेली, आपली उड्डाणपुलाखाली. एक रस्ता मुंबईकडे, एक धुळ्याकडे, एक नाशिकरोडवरून पुण्याकडे, एक सारडा सर्कलवरून गावात, आणि या सगळ्याच्या डोक्यावरून पूल. तिकिटावर एवढंच असतं : 'द्वारका, पेट्रोल पंपासमोर'. 'समोर' हा शब्द फार उदार आहे. पंपाच्या समोर पंपाला तोंड करून उभं राहायचं, की पंपाकडे पाठ करून, की रस्ता ओलांडून पलीकडे, सगळं त्यात बसतं. नकाशावरची खूण बघाल तर ती कंपनीच्या ऑफिसवर असते. ऑफिस रात्री बंद असतं आणि गाडी ऑफिसात शिरत नाही, या किरकोळ बाबी आहेत.

माझ्या साडूचं उदाहरण सांगतो, कारण त्याने यातली एकही गोष्ट चुकवली नाही.

साडू सिडकोत राहतो. गाडी मुंबई-इंदूर, वेळ दहा पन्नास, थांबा द्वारका. वास्तविक पाथर्डी फाटा त्याच्या घरापासून दहा मिनिटांवर आणि गाडी आधी तिथूनच येणार. पण त्याने यादी वाचलीच नव्हती. तो रिक्षाने सव्वादहालाच द्वारकेला हजर. हुशार माणूस. इंदूर म्हणजे धुळ्याकडे, म्हणजे धुळ्याकडे जाणाऱ्या बाजूला डावीकडे उभं राहायचं, असा हिशेब करून तो पुलाखालच्या सर्व्हिस रोडला बरोबर उभा राहिला. दिशेचा हिशेब शंभर टक्के बरोबर होता, हे मी आजही मान्य करतो.

दहा चाळीसला त्याने तिकिटावरच्या नंबरला फोन लावला. "पाँच मिनट में आ रही है." हे उत्तर ऐकलं की समाधान मानून फोन ठेवावा. "कुठला टोल पास केला?" असं मुळीच विचारू नये. विचारलं तर पलीकडचा माणूस बेसावधपणे खरं सांगून टाकतो. 'घोटी' म्हणाला तर निदान पाऊण तास आहे. पुण्याच्या गाडीवाला 'शिंदे' म्हणाला तर गाडी नाशिकरोडच्या अलीकडे आली, वीस-पंचवीस मिनिटांत दिसेल. साडूने काही विचारलं नाही. तो तब्बल पंचेचाळीस मिनिटं त्या पाच मिनिटांत उभा होता.

या काळात करायची गोष्ट म्हणजे येणारी प्रत्येक गाडी अडवणे. तिकिटावर कंपनीचं जे नाव असतं ते गाडीवर शोधण्यात अर्थ नसतो, कारण गाडी बऱ्याचदा दुसऱ्याच कुणाची असते आणि काचेवर तिसऱ्याच देवीचं नाव असतं. नंबर प्लेट बघावी तर नाशिक-इंदूर गाडीला नागालँडचा NL 01. साडूने एका गाडीला हात केला, ती शेगावची. दुसरीला केला, ती इंदूरचीच निघाली, पण वेगळ्या कंपनीची. क्लीनरने त्याची बॅग डिकीत ठेवून वर चारशे रुपयेही मागितले. ती बॅग परत काढेपर्यंत मागच्या ट्रकवाल्याने साडूच्या सासुरवाडीचा उद्धार केला. म्हणजे माझ्याही.

अकरा पंचवीसला फोन आला. आता खुद्द ड्रायव्हर.

"सर, कहाँ हो?"

"द्वारका. पेट्रोल पंप के सामने. ब्रिज के नीचे."

"नीचे क्यूँ खड़े हो? हम तो ऊपर से आ गये."

इथे नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी थोडं थांबतो. हा पूल म्हणजे एखाद्या चौकावरून टुणकन उडी मारणारा पूल नव्हे. तो मुंबई नाका गिळतो, द्वारका गिळतो आणि पार पंचवटीत के. के. वाघ कॉलेजच्या बाजूला खाली उतरतो. एकदा गाडी वर चढली की मधले सगळे थांबे तिच्या लेखी संपले. खालून यायचं म्हणजे सर्व्हिस रोड, सिग्नल, रिक्षा आणि अंडाभुर्जीच्या गाड्या. वरून यायचं म्हणजे दहा मिनिटांची बचत. ड्रायव्हरच्या हातातल्या चार्टवर द्वारकेचं कुणी नसेल तर तो वरूनच येणार, आणि साडूचं तिकीट निघालं संध्याकाळी साडेसातला, म्हणजे चार्टचा कागद हातात घेऊन गाडी मुंबईहून हलल्यानंतर. कागदाला काय माहीत साडू?

चार वाजताच चार्टवर नाव आलेल्या माणसालाही हे टाळता येतं असं नाही, पण साडेसातला तिकीट काढणाऱ्याने निदान एक फोन करून "पुलावरून येणार की खालून?" एवढं विचारायला हवं होतं. चार शब्दांचा प्रश्न. मात्र आपण विचारू नये. विचारलं तर ते "के. के. वाघला थांबा" म्हणतील आणि तुम्ही निवांत चहा घेत तिथे उभे असाल. त्यात गोष्ट सांगण्यासारखं काय उरलं?

साडूने रिक्षा पकडली. रिक्षावाल्याने त्याच्या चेहऱ्याकडे एकदाच पाहिलं.

"गाडी वरून गेली का भो?"

"हो."

"दोनशे."

यावर घासाघीस होत नाही. द्वारकेला रात्री अकरानंतर उभ्या असणाऱ्या रिक्षावाल्यांचा या विषयातला अभ्यास कुठल्याही कंपनीच्या ऑफिसपेक्षा पक्का असतो. कुठली गाडी वरून जाते, कुठली खालून, कुठला ड्रायव्हर थांबतो आणि कुठला 'थांबतो' म्हणून निघून जातो, सगळं तोंडपाठ. हे ज्ञान ते दहा पन्नासला फुकट देऊ शकतात. पण विचारणारा भेटत नाही, आणि अकरा पंचवीसला त्याचाच भाव दोनशे होतो.

गोदावरीवरच्या कन्नमवार पुलावरून रिक्षा सुसाट. मागे साडू एका हाताने बॅग आणि दुसऱ्या हाताने फोन धरून ड्रायव्हरला "दो मिनट, दो मिनट" सांगतोय. आता त्याचे दोन मिनिट आणि त्यांचे पाच मिनिट, फिटंफाट. के. के. वाघशी गाडी पार्किंग लाइट लावून उभी होती. क्लीनर दारात लटकून ओरडत होता, "द्वारका वाले! द्वारका वाले!" द्वारकेपासून अडीच-तीन किलोमीटरवर, गोदावरीच्या दुसऱ्या तीरावर.

चढल्यावर ड्रायव्हरने चार शब्द ऐकवले. ते ऐकून घ्यावेत. चूक तुमचीच असते. तुम्ही सांगितलेल्या जागी उभे होता. गाडी निघून गेली असती तर पैसेही परत मिळाले नसते, कारण नोंदीत तुम्ही 'नो शो' ठरला असता. दाखवायला गेलेला माणूस पुलाखाली दिसत होता, पण वरून बघणार कोण?

साडू वरच्या बर्थवर जाऊन आडवा झाला, पडदा ओढला, बूट पिशवीत घालून उशाला घेतले. चांदवडच्या टोलवर गाडी हळू झाली तेव्हा फोन वाजला. मेसेज होता. गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा नंबर, आणि गाडी कुठवर आली हे नकाशावर बघण्यासाठी लिंक. त्याने उघडून पाहिली. गाडी मुंबई नाक्याला होती.

परवा तो परत येतोय. त्याला फोन केला तेव्हा म्हणाला, तिकीट काढलंय, उतरायचं द्वारका. मी विचारलं, "वरून येणार की खालून?"

"ते पहाटे साडेचारला कळेल," म्हणाला. "तू फक्त गाडी घेऊन पुलाच्या दोन्ही टोकांना थांब."