गरम कुंडातले जंतू आणि उकळलेलं पाणी

‘वज्रेश्वरीच्या गरम कुंडात जंतू जगतात, म्हणजे पाणी उकळून प्यायलं तरी काही उपयोग नाही ना?’

उपयोग आहे, पाणी उकळूनच प्या. टायफॉइड, कॉलराचे जंतू आपल्या अंगाच्या ३७ अंशांना सरावलेले असतात. पाणी खळखळून उकळलं की ते मरतात. काही जिवाणूंचे बीजाणू उकळीतही तगतात, पण पाण्यातून होणाऱ्या नेहमीच्या आजारांचं कारण ते नव्हेत.

उष्णताप्रेमी जिवाणूंची घडणच निराळी. थर्मस ॲक्वाटिकस हा अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या झऱ्यात सापडला. तो ७० अंशांच्या आसपास जोमाने वाढतो, ४० च्या खाली वाढतच नाही. त्याच्या पेशीपटलातल्या मेदाच्या साखळ्या अशा घट्ट बसतात की उष्णतेने पटल गळकं होत नाही. प्रथिनांचा गाभाही दाटीने भरलेला, शिवाय धन-ऋण भारांच्या जोड्यांनी बांधलेला, म्हणून घडी सहज उलगडत नाही.

मी ठाण्यात लॅबमध्ये पीसीआर करते, म्हणजे फेऱ्या-फेऱ्यांनी डीएनएच्या प्रती काढते. त्या प्रती घडवायला रोज याच जिवाणूचं टॅक एन्झाइम वापरते. डीएनएचे धागे सुटे करायला प्रत्येक फेरीत नळी ९५ अंशांवर जाते. तिथे टॅकची निम्मी ताकद जायला सुमारे ४० मिनिटं लागतात. अर्धा मिनिट धरून ३० फेऱ्या केल्या तर १५ मिनिटं होतात. तरी तीन चतुर्थांश ताकद उरते. पूर्वीचं ई. कोलायचं एन्झाइम मात्र पहिल्याच तापात निकामी व्हायचं, दर फेरीला नवं घालावं लागायचं.

आणि ई. कोलाय हा आपल्या आतड्यातलाच, ३७ अंशांना सरावलेला जंतू.